‘मॅट’ म्हणजे न्यायालयच का? प्रशासकीय न्यायाधिकरणांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

राज्य शासनाच्या सेवेतील कर्मचाऱ्याची बदली झाली, पदोन्नती हुकली किंवा निलंबनाचा आदेश हाती पडला, की कार्यालयात कोणीतरी सुचवतोच, “मॅटमध्ये जा.” मॅट म्हणजे महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरण. न्यायालयांऐवजी न्यायाधिकरणे नेमण्याचा जो प्रयोग देशात चार दशके चालू आहे, त्याचे गुणदोष या एका संस्थेत स्पष्ट दिसतात, म्हणून पुढील उत्तरे मुख्यतः तिच्याच आधाराने दिली आहेत.

न्यायाधिकरण न्यायालयापेक्षा वेगळे कसे?

न्यायाधिकरण एखाद्या विशिष्ट विषयापुरते, स्वतंत्र कायद्याने निर्माण झालेले असते. त्याचे सदस्य ठरावीक मुदतीसाठी नेमलेले असतात आणि ते सारेच न्यायाधीश नसतात. १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद ३२३ अ आणि ३२३ ब घातले गेले. त्यांतील पहिला अनुच्छेद सरकारी सेवेतील वादांसाठी आहे. त्याच्या आधारे संसदेने प्रशासकीय न्यायाधिकरण अधिनियम, १९८५ केला. त्याच वर्षी केंद्रीय कर्मचाऱ्यांसाठी ‘कॅट’ सुरू झाले आणि महाराष्ट्राचे न्यायाधिकरण जुलै १९९१ मध्ये अस्तित्वात आले. त्याचे मुख्य पीठ मुंबईला आहे, तर इतर पीठे नागपूर व छत्रपती संभाजीनगर येथे आहेत.

कामकाज पाहिले तर फरक चटकन जाणवत नाही. वकील उभे राहतात, शासनाची बाजू सादरकर्ता अधिकारी मांडतो, प्रतिज्ञापत्रे दाखल होतात आणि निकाल लेखी असतो. मात्र दिवाणी प्रक्रिया संहिता इथे जशीच्या तशी बंधनकारक नाही. नैसर्गिक न्यायाची तत्त्वे पाळून न्यायाधिकरणाला आपली कार्यपद्धती ठरवता येते, आणि बहुतेक प्रकरणे साक्षीदार न तपासता कागदपत्रांवरच निकाली निघतात.

सर्वच सरकारी कर्मचारी मॅटमध्ये जाऊ शकतात का?

नाही, आणि ही चूक फार महागात पडते. मॅट हे राज्य शासनाच्या नागरी सेवेतील कर्मचाऱ्यांसाठी आहे. पोलीस कर्मचारीही त्यात येतात. उच्च न्यायालय आणि त्याच्या अधीन असलेल्या न्यायालयांचे कर्मचारी, तसेच विधिमंडळ सचिवालयातील कर्मचारी यांना कायद्यानेच वगळले आहे. खाजगी शाळेतील शिक्षकाला बडतर्फ केले, तर त्याच्यासाठी १९७७ च्या कायद्याखालील शाळा न्यायाधिकरण आहे. गोव्यातील वाचकांनी हेही लक्षात घ्यावे, की तिथले ‘ॲडमिनिस्ट्रेटिव्ह ट्रिब्युनल’ १९६५ च्या राज्य कायद्याने आलेले आहे. नाव सारखे असले तरी ते १९८५ च्या कायद्याखालचे नव्हे.

हे न्यायाधिकरण उच्च न्यायालयाची जागा घेते, असे म्हणणे बरोबर आहे का?

१९८५ साली कायद्याचा हेतू तोच होता. सेवाविषयक रिट याचिकांचा उच्च न्यायालयांत ढीग साचला होता आणि तो उपसण्यासाठी कलम २८ ने उच्च न्यायालयांची या विषयांतील अधिकारिता काढून घेतली. न्यायाधिकरणाचा निकाल मान्य नसेल, तर थेट सर्वोच्च न्यायालय गाठायचे, तेही विशेष परवानगी मिळाली तरच. गडचिरोलीतल्या कनिष्ठ लिपिकाच्या दृष्टीने याचा अर्थ एवढाच होता, की पुढचा रस्ता दिल्लीला जातो, म्हणजे जवळपास बंदच आहे.

संपतकुमार प्रकरणात डिसेंबर १९८६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही रचना मान्य केली, पण एका अटीवर. उच्च न्यायालयाला बाजूला सारून जी संस्था उभी राहील, ती त्याच तोडीची, खरोखरची पर्यायी यंत्रणा असली पाहिजे. ‘तोडीची’ म्हणजे नेमके काय, हा प्रश्न तेव्हापासून न्यायालयांची पाठ सोडत नाही. अध्यक्षांची निवड, सदस्यांची पात्रता, कार्यकाल यांवरचे पुढचे सगळे खटले याच एका शब्दाच्या अर्थावरून झाले आहेत.

मग १८ मार्च १९९७ रोजी एल. चंद्रकुमार प्रकरणात सात न्यायाधीशांच्या घटनापीठाने दिशा बदलली. अनुच्छेद २२६ व २२७ खाली उच्च न्यायालयांना आणि अनुच्छेद ३२ खाली सर्वोच्च न्यायालयाला असलेला न्यायिक पुनर्विलोकनाचा अधिकार घटनेच्या मूलभूत संरचनेचा भाग आहे, त्यामुळे तो घटनादुरुस्तीनेही काढून घेता येत नाही, असे न्यायालयाने ठरवले आणि कलम २८ चा तेवढा भाग रद्द केला. न्यायाधिकरणे राहतील, पण उच्च न्यायालयाला पूरक म्हणून. आपल्या विषयात ती प्रथम स्तरावरचे न्यायालय म्हणून काम करतील, आणि त्यांचे निकाल उच्च न्यायालयाच्या दोन न्यायाधीशांच्या खंडपीठापुढे तपासले जातील. त्यामुळे आज कर्मचाऱ्याला मॅट टाळून थेट उच्च न्यायालयात जाता येत नाही, आणि मॅटचा निकाल हा शेवटचा शब्दही ठरत नाही.

मॅट एखादा नियमच घटनाबाह्य ठरवू शकते का?

होय. सेवाप्रवेश नियम किंवा शासन निर्णय घटनेच्या विरोधात असेल तर ते तपासण्याचा अधिकार त्याला आहे. अशा प्रकरणात पीठावर किमान दोन सदस्य हवेत आणि त्यांतील एक न्यायिक सदस्य हवाच. ज्या कायद्याने न्यायाधिकरण जन्माला आले, त्या १९८५ च्या अधिनियमाची वैधता मात्र ते तपासू शकत नाही. त्यासाठी उच्च न्यायालयातच जावे लागते.

प्रत्यक्षात प्रकरण कसे चालते? एखादे उदाहरण द्याल का?

एक कल्पित, पण रोजच्या पाहण्यातले उदाहरण घेऊ. मराठवाड्यातील एका तालुक्यात एक नायब तहसीलदार जून महिन्यात रुजू झाले. पुढच्या वर्षी १४ ऑगस्टला, म्हणजे चौदा महिन्यांनी, त्यांची दीडशे किलोमीटर दूर बदली झाली. आदेशात कारण म्हणून ‘प्रशासकीय निकड’ एवढे दोनच शब्द आहेत. त्याच दिवशी त्यांना एकतर्फी कार्यमुक्त करण्यात आले.

बदल्यांबाबतच्या राज्याच्या २००५ च्या अधिनियमानुसार पदावरचा सर्वसाधारण कालावधी तीन वर्षांचा आहे आणि बदल्या एप्रिल-मे महिन्यांत व्हायच्या असतात. मध्येच बदली करायची झाल्यास विशेष कारणे लेखी नोंदवावी लागतात आणि सक्षम प्राधिकाऱ्याने त्याच्या लगतच्या वरिष्ठ प्राधिकाऱ्याची पूर्वमान्यता घ्यावी लागते. आपल्या अर्जदारांनी संभाजीनगर पीठाकडे मूळ अर्ज दाखल केला. त्याला वकिलांच्या बोलीत ‘ओए’ म्हणतात. अर्जाला बदली आदेश, रुजू अहवाल आणि आपल्या जागी आलेल्या अधिकाऱ्याचा आदेश जोडला, आणि त्या अधिकाऱ्यालाही प्रतिवादी केले. हे शेवटचे पाऊल बरेच जण विसरतात. ज्याची खुर्ची या निकालाने हलणार आहे त्याला पक्षकार केले नाही, तर हातात आलेला निकालही त्या एका त्रुटीवर निसटू शकतो.

पुढचा प्रश्न अंतरिम स्थगितीचा. कलम २४ नुसार समोरच्या पक्षाला अर्जाची प्रत दिल्याशिवाय आणि त्याचे म्हणणे ऐकल्याशिवाय अंतरिम आदेश देता येत नाही. पैशाने भरून न निघणारे नुकसान टाळण्यासाठी, कारणे नोंदवून तो दिला, तरी त्या अटींची पूर्तता होऊन तो पुढे चालू ठेवला गेला नाही, तर चौदा दिवसांनी आपोआप संपतो. म्हणून सादरकर्ता अधिकाऱ्याला प्रत वेळेत देणे हे वकिलाच्या युक्तिवादाइतकेच महत्त्वाचे असते.

सुनावणीत न्यायाधिकरण मूळ नस्ती मागवते आणि खरी लढाई त्या नस्तीवरच होते. आदेशात दोनच शब्द असले तरी टिपणीत कारण नोंदवलेले असू शकते, म्हणजे एखादी तक्रार, तिची चौकशी, नागरी सेवा मंडळाची शिफारस. ते सापडले आणि पूर्वमान्यतेची तारीख बदली आदेशाच्या आधीची निघाली, तर न्यायाधिकरण सहसा हस्तक्षेप करत नाही, कारण कोणाला कुठे नेमावे हे ठरवणे प्रशासनाचे काम आहे. पण टिपणीवर फक्त ‘मान्य’ असा शेरा असेल, किंवा मान्यता १९ ऑगस्टला घेतलेली असेल, तर कायद्याची अट पाळलीच गेली नाही, आणि तेवढ्या एका कारणावर आदेश रद्द होतो. अर्जदार किती कार्यक्षम आहेत, त्यांच्या मुलांची शाळा कुठे आहे, यावर अर्जात सहा पाने खर्च करण्यापेक्षा त्या एका तारखेवर लक्ष ठेवावे.

अर्ज करण्याची मुदत किती आहे?

अंतिम आदेशापासून एक वर्ष. सेवा नियमांत अपील किंवा निवेदनाची तरतूद असेल तर आधी ती वापरावी लागते. त्यावर सहा महिने उत्तर आले नाही, तर त्या सहा महिन्यांनंतर एक वर्ष मिळते. निवेदन १ मार्च २०२४ ला दिले आणि शासन गप्प राहिले, तर सहा महिने ऑगस्टअखेर संपतात आणि अर्ज ऑगस्ट २०२५ अखेरपर्यंत करता येतो. स्मरणपत्रे पाठवत राहिल्याने मुदत वाढत नाही. पुरेसे कारण दाखवले तर विलंब माफ होऊ शकतो, पण ‘साहेब बघतो म्हणाले होते’ हे कारण पुरत नाही.

पीठावरचा प्रशासकीय सदस्य शासनाचाच माणूस असतो. मग न्याय निःपक्षपाती कसा होणार?

हा आक्षेप हलक्यात घेण्याजोगा नाही. मॅटमध्ये प्रतिवादी जवळजवळ नेहमी राज्य शासन असते, आणि प्रशासकीय सदस्य आयुष्यभर शासकीय सेवेत काम करून आलेला असतो. त्याला ठेवण्यामागचे कारण असे, की नस्ती कशी फिरते, ज्येष्ठता यादी कशी तयार होते, गोपनीय अहवालात काय लिहिलेले असते आणि काय जाणूनबुजून गाळलेले असते, हे त्याला ठाऊक असते. माझे मत विचाराल, तर हा अनुभव खरोखर उपयोगी पडतो, आणि ‘प्रशासकीय निकड’ या शब्दांमागे काय आहे ते अशा सदस्याच्या नजरेतून सुटणे कठीण असते. प्रश्न त्याच्या पूर्वायुष्याइतकाच त्याच्या पुढच्या आशांचाही आहे. पुनर्नियुक्ती, निवासस्थान, सुविधा यांसाठी ज्याला मंत्रालयाकडे पाहावे लागते, त्याचा हात शासनाविरुद्ध निकाल लिहिताना अडखळला, तर ते बाहेरून कळणारही नाही.

म्हणूनच न्यायालयांनी काही किमान अटी घालून दिल्या. अध्यक्षपदी सनदी अधिकारी बसवण्याची मूळ कायद्यातील तरतूद संपतकुमार निकालाने अमान्य केली. २०१० मध्ये राष्ट्रीय कंपनी विधी न्यायाधिकरणाबाबतच्या निकालात घटनापीठाने स्पष्ट केले, की बिगरन्यायिक सदस्य हा सचिव किंवा अतिरिक्त सचिव दर्जाखालचा नसावा आणि पीठावर बिगरन्यायिक सदस्यांचे बहुमत कधीच होऊ नये. चंद्रकुमार निकालात आणखी एक सूचना होती. सर्व न्यायाधिकरणांचा कारभार पाहण्यासाठी एक स्वतंत्र संस्था नेमावी आणि ती होईपर्यंत हे काम विधी मंत्रालयाकडे असावे. पक्षकार असलेल्या खात्यानेच न्यायाधिकरणाचे भाडे, कर्मचारी आणि खर्च यांचा हिशेब ठेवावा, ही स्थिती कोणालाही अवघडल्यासारखीच वाटेल.

सदस्यांची नेमणूक कोण करते?

औपचारिकपणे राष्ट्रपती करतात आणि राज्य न्यायाधिकरणाच्या बाबतीत राज्यपालांशी विचारविनिमय होतो. वाद आहे तो शिफारस करणाऱ्या समितीबद्दल. न्यायाधिकरण सुधारणा अधिनियम, २०२१ ने केंद्रीय न्यायाधिकरणांसाठी भारताचे सरन्यायाधीश किंवा त्यांनी नामनिर्देशित केलेले न्यायाधीश यांच्या अध्यक्षतेखाली शोध-नि-निवड समिती ठेवली. राज्य प्रशासकीय न्यायाधिकरणांसाठी समितीच्या अध्यक्षस्थानी त्या राज्याच्या उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती असतात, आणि मुख्य सचिव व राज्य लोकसेवा आयोगाचे अध्यक्ष हे तिचे सदस्य असतात. समसमान मते पडली तर अध्यक्षांचे मत निर्णायक ठरते.

वरवर पाहता रचना ठीक दिसते. मेख पुढच्या पायरीवर होती. एका पदासाठी समितीने दोन नावे द्यायची आणि त्यांतून एक सरकारने निवडायचे. म्हणजे न्यायमूर्तींच्या समितीने चाळण लावली, तरी शेवटचा दाणा सरकारच उचलणार.

मग २०२१ च्या कायद्यावर इतका वाद का झाला? कार्यकाल चार वर्षे की पाच, याने काय फरक पडतो?

फरक पडतो, आणि तो हिशेब मांडून पाहण्यासारखा आहे. या कायद्याने कार्यकाल चार वर्षांचा केला आणि किमान वय पन्नास ठेवले. पंचेचाळीस वर्षांचा, वकिली ऐन भरात असलेला वकील तर अर्जच करू शकत नाही. पन्नाशीतला करू शकतो, पण चार वर्षांसाठी चालती वकिली बंद करून चोपन्नाव्या वर्षी पुन्हा पक्षकार शोधायला तो का निघेल? असे लोक आलेच नाहीत, की उरतात ते निवृत्त अधिकारी आणि निवृत्त न्यायाधीश. विषय समजेपर्यंत त्यांची अर्धी मुदत सरते, आणि मुदत जितकी आखूड, तितकी पुनर्नियुक्तीची गरज लवकर भासते.

या मुद्द्यांवर सरकार आणि न्यायालय यांच्यात झालेली ओढाताण क्रमाने पाहिली, तर तिच्यातला हट्ट दिसतो. २०१७ च्या वित्त अधिनियमाखालील नियम नोव्हेंबर २०१९ मध्ये रॉजर मॅथ्यू प्रकरणात रद्द झाले. २०२० मध्ये नवे नियम आले. त्यावर नोव्हेंबर २०२० मध्ये न्यायालयाने पाच वर्षांचा कार्यकाल, दहा वर्षांचा अनुभव असलेल्या वकिलांना पात्रता आणि शिफारशीनंतर तीन महिन्यांत नेमणूक, असे निर्देश दिले. एप्रिल २०२१ मध्ये सरकारने अध्यादेश काढून चार वर्षे आणि पन्नास वय पुन्हा आणले. १४ जुलै २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने २ विरुद्ध १ मताने त्या तरतुदी रद्द केल्या, आणि महिन्याभरातच संसदेने त्याच तरतुदी असलेला कायदा संमत केला.

तो कायदा १९ नोव्हेंबर २०२५ रोजी सरन्यायाधीश भूषण गवई आणि न्या. के. विनोद चंद्रन यांच्या पीठापुढे टिकला नाही. न्यायालयाने दाखवलेला दोष दूर न करता, रद्द झालेलीच तरतूद पुन्हा कायदा करून आणता येत नाही, हा त्या निकालाचा गाभा आहे. संसद दोष दूर करणारा कायदा करेपर्यंत आधीच्या निकालांतील निर्देश लागू राहतील, असे सांगून न्यायालयाने राष्ट्रीय न्यायाधिकरण आयोग चार महिन्यांत स्थापन करण्याचा आदेश दिला. १९९७ साली सुचवलेली ‘स्वतंत्र संस्था’ ती हीच.

मॅटच्या निकालाविरुद्ध अपील करता येते का?

काटेकोरपणे बोलायचे तर नाही. कायद्यात अपिलाची तरतूद नाही आणि उपाय आहे तो उच्च न्यायालयात रिट याचिका करण्याचा. हा फरक नुसता शब्दांचा नाही. अपिलात वरचे न्यायालय पुरावा नव्याने तोलू शकते. रिटमध्ये खंडपीठ एवढेच पाहते, की न्यायाधिकरणाने कायदा चुकीचा लावला का, अधिकार ओलांडला का, कोणाला ऐकून न घेता निकाल दिला का, किंवा कोणीही समंजस माणूस काढणार नाही असा निष्कर्ष काढला का. आपल्या नायब तहसीलदारांच्या प्रकरणात ‘नस्तीवरची तक्रार खोटी होती’ हा मुद्दा खंडपीठापुढे बहुधा चालणार नाही. ‘पूर्वमान्यता आदेशानंतरची आहे आणि न्यायाधिकरणाने त्याकडे दुर्लक्ष केले’ हा मात्र चालेल.

रिटसाठी कायद्याने मुदत आखून दिलेली नाही, पण विनाकारण उशीर केला तर तेवढ्यावरच याचिका फेटाळली जाऊ शकते. निकालात उघड चूक असेल तर तीस दिवसांत मॅटकडेच पुनर्विलोकन अर्ज करता येतो. त्यानंतर उरते ती सर्वोच्च न्यायालयातील विशेष अनुमती याचिका.

इतर न्यायाधिकरणांनाही हाच नियम लागू आहे का?

नाही. प्रत्येक कायद्याने वेगळी वाट आखली आहे. प्राप्तिकर अपील न्यायाधिकरणाच्या निकालावर कायद्याचा महत्त्वाचा प्रश्न असेल, तरच उच्च न्यायालयात १२० दिवसांत अपील होते. हे अपील उच्च न्यायालयाकडून काढून राष्ट्रीय कर न्यायाधिकरणाकडे देण्याचा प्रयत्न २००५ च्या कायद्याने झाला होता, पण २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो कायदाच रद्द केला. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाच्या निकालावर कायद्याने थेट सर्वोच्च न्यायालयात अपील ठेवले आहे. त्याचे पश्चिम विभागाचे पीठ पुण्याला आहे. तरीही उच्च न्यायालयाचा रिट अधिकार संपत नाही, असे २०२२ मध्ये ठरले, आणि सशस्त्र दल न्यायाधिकरणाबाबत तेच २०२३ मध्ये. मात्र कायद्यात अपील दिलेले असताना उच्च न्यायालय रिट ऐकायला सहसा राजी नसते.

शासनाने निकाल पाळलाच नाही तर?

कलम १७ नुसार न्यायाधिकरणाला अवमानाबाबत उच्च न्यायालयासारखेच अधिकार आहेत. व्यवहारात अवमान अर्जाची नोटीस गेली, की महिनोन्महिने न सापडणारी नस्ती बहुधा आठवड्यात सापडते.

राज्य सरकार असे न्यायाधिकरण बंद करू शकते का?

करू शकते. तमिळनाडू आणि हिमाचल प्रदेशात ते झाले आहे. ओडिशाचे न्यायाधिकरण ऑगस्ट २०१९ मध्ये रद्द झाले. त्याला तिथल्या वकील संघटनेने आव्हान दिले, पण मार्च २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केंद्राचा निर्णय कायम ठेवला. अनुच्छेद ३२३ अ न्यायाधिकरण नेमण्याची मुभा देतो, सक्ती करत नाही, असे त्याचे कारण होते. तिथली प्रलंबित प्रकरणे उच्च न्यायालयाकडे गेली. ओडिशा सरकारच्या मनात कोणता हिशेब होता हेही लक्षात घ्यावे. चंद्रकुमार निकालानंतर न्यायाधिकरणाचे निकाल नाहीतरी उच्च न्यायालयात जातातच, मग मधली पायरी ठेवायची कशाला? महाराष्ट्रात मॅट चालू आहे, आणि इथला कर्मचारी अजून आधी त्याच पायरीवर उभा राहतो.